‘अलिबागहून आलायस का?’ याला काय म्हणायचं

2019 सालच्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयापुढे एक वेगळीच याचिका आली. अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाचं म्हणणं असं की, ‘अलिबाग से आया है क्या?’ हे वाक्य सिनेमांत आणि विनोदी कार्यक्रमांत सर्रास वापरलं जातं, त्यातून अलिबागकर म्हणजे बावळट असा समज पसरतो, तेव्हा त्यावर बंदी घालावी. मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, ते अपमान म्हणून घेऊ नयेत, असा न्यायालयाचा सूर होता. त्याआधी सरदारजींवरच्या विनोदांविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. नागरिकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली न्यायालय घालून देऊ शकत नाही, असं 2017 मध्ये तिथेही सांगण्यात आलं.

बंदी घातली नाही हे बरंच झालं, असं माझं मत. विनोदावर पोलीस नेमायला लागलो तर आधी शिमगाच बंद करावा लागेल. पण याचिका फेटाळली म्हणून प्रश्न मिटला असं होत नाही. नागाव, चौल, मुरूड, श्रीवर्धनचा जो मुलगा नोकरीसाठी मुंबईत जातो, त्याला हे वाक्य कुठे ना कुठे ऐकावं लागतंच. त्यावर एक जण हसून पुढे जातो आणि दुसरा आतल्या आत जळत राहतो. या दुसऱ्याला आपण चटकन ‘चिडका बिब्बा’ म्हणतो आणि विषय संपवतो. तिथेच जरा थांबायला हवं.

समजा, नागावचा एक मुलगा बेलापूरच्या एका कार्यालयात लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने ईमेल पाठवली आणि फाइल जोडायची विसरला. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “काय रे, अलिबागहून आलायस का?” सगळे हसले, तोही हसला. खरोखरच अलिबागहून आला होता, त्यामुळे हसू जरा जास्तच झालं. मग ते वाक्य त्याला चिकटलं. कॉफीच्या यंत्राचं बटण चुकलं तरी तेच, मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला तरी तेच. पुढे एकदा साहेबांनी ग्राहकासमोर त्याची ओळखच ‘आमचे अलिबागकर, यांना जरा सावकाश सांगा’ अशी करून दिली. त्यानंतर काही दिवसांनी जेवणाच्या वेळी एका नव्या सहकाऱ्याने अगदी निरागसपणे तेच वाक्य म्हटलं आणि हा ताट तसंच टाकून उठून गेला. मागे कुजबुज झाली, “याला गंमत कळत नाही.”

हाच मुलगा गणपतीला घरी येतो तेव्हा चुलतभाऊ त्याला याहून जहाल बोलतात. मुंबईला जाऊन मराठी विसरलास, चहाला कॉफी म्हणायला लागलास, पोट सुटलं. तो खदखदून हसतो आणि दुप्पट परत करतो. म्हणजे त्याला गंमत कळते. मग बेलापूरला काय बिघडलं?

घरी तो उलट बोलू शकतो, बेलापूरला साहेबांना उलट बोलू शकत नाही. घरी थट्टेचा विषय रोज बदलतो, आज पोट तर उद्या केस. कार्यालयात विषय एकच आणि तो त्याच्या कामाच्या लायकीला जाऊन भिडणारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी तो “बस झालं आता” म्हणाला तर चुलतभाऊ खरोखर थांबतात. बेलापूरला थांबवायची सोयच नव्हती, कारण त्याने कधी थांबवून पाहिलंच नव्हतं. थट्टा सोसत नाही असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं. त्यांचा विरोध विनोदाला नसतो, ज्या विनोदाला उलट उत्तर देता येत नाही आणि थांबवताही येत नाही त्याला असतो.

सगळ्यांचंच तसं असतं असं मात्र नाही. काही माणसांना कुठलंच हसणं सोसत नाही. एसटी स्टँडवर दोन अनोळखी पोरी हसल्या तरी यांना वाटतं, आपल्यालाच हसल्या. झुरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विलिबाल्ड रुख आणि त्यांचे सहकारी या भीतीचा बरीच वर्षं अभ्यास करत आले आहेत. आपल्याला हसलं जाईल या भीतीला त्यांच्या क्षेत्रात ‘जेलोटोफोबिया’ म्हणतात. ती कमीअधिक प्रमाणात असू शकते. ती फार असलेल्या माणसाला मायेने केलेली गंमत आणि कुचेष्टा यांतला फरक करणं अवघड जातं. त्याच अभ्यासात आणखी एक प्रकार येतो, दुसऱ्यांना हसायला मनापासून आवडणाऱ्यांचा. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात. सगळ्यांची फिरकी घेणारा एखादा आतेभाऊ स्वतःवर वेळ आली की पाय आपटत निघून जातो, हे आपण प्रत्येक लग्नघरात पाहिलेलं आहे.

तेव्हा सीमा आखायच्या आधी आपण नेमके कुठे उभे आहोत ते तपासावं. तीच गोष्ट तुमच्या जिवाभावाच्या मैत्रिणीने, दोघीच असताना म्हटली असती तर लागली असती का? लागली नसती, तर दुखणं प्रसंगात किंवा माणसात आहे आणि ते बोलून सुटण्याजोगं आहे. तरीही लागली असती, पण फक्त त्याच एका विषयावर, तर ती तुमची हळवी जागा आहे. ती प्रत्येकाला असते आणि तिच्यावर कुणी बोट ठेवू नये असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण कुणीही, कशावरही, कितीही प्रेमाने हसलं तरी लागत असेल, त्यापायी लग्नकार्यांना जाणं, वर्गात बोलणं, फोटोत उभं राहणं टाळलं जात असेल, तर इतरांना कितीही नियम सांगून उपयोग नाही. तिथे समुपदेशकाशी बोलावं. सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथूनही सुरुवात करता येते.

आता बोलायचं कसं ते पाहू. त्याआधी समोरच्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते माहीत असलेलं बरं. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये चिडवण्यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातलं सार असं की, चिडवणाऱ्याला स्वतःचा हेतू ठाऊक असतो आणि तो समोरच्यालाही आपोआप दिसत असणार असं तो धरून चालतो. ज्याला चिडवलं जातं त्याच्यापर्यंत हेतू पोचत नाही, नुसते शब्द पोचतात. म्हणून एकच प्रसंग चिडवणाऱ्याला गमतीचा वाटतो आणि सोसणाऱ्याला बोचरा. “अगं, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतेस?” हे म्हणणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो, त्याला तसंच वाटत असतं.

यातून एक कामाची गोष्ट हाती लागते. हेतूवर वाद घालू नका. “तू मुद्दाम मला कमी लेखतोस” असं म्हटलं की समोरचा हेतू नाकारतो, नाकारताना त्याला आपण खरं बोलतोय असंच वाटतं, आणि भांडण त्याच्या मनात काय होतं यावर जातं. ते तुम्ही कधीच जिंकू शकत नाही. त्याऐवजी हेतू देऊन टाका आणि कृती मागून घ्या: “गंमत होती हे कळलं. तरी नको.” या दोन वाक्यांपुढे वाद घालायला फारसं काही उरत नाही.

आपली बाजू मांडत बसण्याचा मोहही टाळावा. नागावच्या मुलाला वाटेल की सांगावं, अरे, कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा किल्ला अलिबागला आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागलाच हलवावी लागली. माहिती खरी आहे, अभिमान वाटावा अशीच आहे, पण इथे निरुपयोगी. चिडवणाऱ्याला अलिबागचं काहीही पडलेलं नसतं, त्याने मांडव्याची जेट्टीसुद्धा पाहिलेली नसते. तुम्ही इतिहास सांगायला लागलात की त्याला पुढच्या महिन्याभराचा मालमसाला मिळतो.

प्रत्यक्षात पहिली पायरी बोलण्याची नसून न हसण्याची आहे, आणि तीच सगळ्यात जड जाते. सगळे हसत असताना आपणही हसलो की ‘याला चालतं’ असा निरोप जातो, आणि आपण बहुतेक जण सवयीने हसतो. रागावू नका, तोंड पाडू नका. फक्त हसू नका, बोलणाऱ्याकडे क्षणभर पाहा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. सभ्य माणसाला बऱ्याचदा एवढंच पुरतं.

नाही पुरलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, एकट्याला गाठून बोला. चारचौघांत बोललात तर त्याला चारचौघांसमोर स्वतःला वाचवावं लागतं आणि तो आणखी एक विनोद करूनच सुटतो. महिनाभर थांबलात तर त्याला प्रसंगच आठवत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर तर मुळीच टाकू नका, त्याचे फोटो काढून दुसऱ्या ग्रुपवर जातात.

बोलताना कुठली गोष्ट नको आणि कुठे नको, ते नेमकं सांगा. “माझी चेष्टा करू नकोस” हे फार मोघम झालं, त्यातून समोरच्याने काय करायचं ते कळत नाही. बेलापूरच्या मुलाने शेजारच्या टेबलवाल्याला चहाच्या टपरीवर नेऊन म्हणावं: “ते अलिबागचं वाक्य ऑफिसात नको. साहेबांसमोर त्याचा माझ्या कामाशी संबंध जोडला जातो. बाकी माझी कितीही खेच.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण सीमा आखताना दरवाजा थोडा उघडा ठेवला तर मैत्री टिकते. साहेबांशी बोलताना सूर बदलेल: “सर, ग्राहकांसमोर माझी ओळख करून देताना कामाने करून द्याल का? त्या दिवशी नंतर त्यांनी सगळे प्रश्न दुसऱ्यालाच विचारले.” इथे भावना दुखावल्याची तक्रार नाही, कामाचं नुकसान दाखवलेलं आहे, आणि ते साहेबांना लवकर कळतं.

एकदा सांगितल्यावर काही दिवस थट्टा वाढू शकते, हे आधीच धरून चला. समोरचा चाचपून पाहतो, हा खरंच बोलला की नुसता बोलला. इथेच बरेच जण खचतात किंवा फटकन अंगावर जातात. दोन्ही नको. तेच वाक्य, त्याच सुरात पुन्हा: “मी म्हटलं होतं, हे नको.” आवाज चढवायचा नाही, नवं स्पष्टीकरण द्यायचं नाही. तरीही चालूच राहिलं तर त्या बैठकीतून उठायचं, पण उठताना सांगून उठायचं: “हे चालू आहे तोवर मी बाहेर आहे.” ताट टाकून निघून जाणारा चिडका ठरतो, सांगून उठणाऱ्याचं कारण सगळ्यांना कळतं. आणि याही पुढे तो थांबला नाही, तर त्याला तुमचं म्हणणं समजलेलं आहे आणि तरी तो ते करतो आहे. आता ही गंमत उरलेली नाही. यापुढे तक्रार कुणाकडे करायची एवढाच प्रश्न उरतो, त्याकडे पुढे येतो.

कार्यालयातलं हे गणित घरात जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे थट्टेला नात्यांचा परवाना असतो. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नात यांनी एकमेकांना चिडवायचं, विहिणींनी एकमेकींना टोमणे मारायचे, हे अपेक्षितच आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 मध्ये अशा ‘थट्टेच्या नात्यां’वर लिहिलं, तेव्हा त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं: जिथे जवळीक आणि ताण दोन्ही असतात, तिथे ठरवून दिलेली थट्टा भांडणापासून वाचवते. आपल्या किनाऱ्यावरचा शिमगाही असाच. होळीभोवती बोंबा, शिव्या, सोंगं, सगळ्याला मुभा. पण ती त्या दिवसांपुरती, आणि गावातला मोठा माणूसही त्यातून सुटत नाही. भांडण होतं ते शिमगा सरल्यावर कवित्व चालू ठेवणाऱ्यांमुळे. म्हणून घरातली सीमा आखताना नातं तोडल्यासारखं बोलू नये, परवान्याची मुदत संपली एवढंच सांगावं.

नव्याने सासरी आलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. ती घाटावरची, सासर रेवदंड्याचं. तिला मासे साफ करता येत नाहीत, बोंबील आणि मांदेली यांत फरक कळत नाही. पहिले काही महिने घरभर हसू होतं, तीही हसत होती. वर्ष उलटलं, ती सुंदर कालवण करायला लागली, तरी पाहुणे आले की चुलत सासरे तोच किस्सा सांगतात. थेट “काका, पुरे” म्हणणं तिला जड जातं, आणि म्हटलं तर ‘फार बोलते’ हा दुसरा किस्सा तयार होतो. अशा वेळी ज्याच्या बाजूचा माणूस, त्याने बोलावं. नवऱ्याने काकांना बाजूला घेऊन म्हणावं, “काका, तो माशांचा किस्सा आता पाहुण्यांसमोर नका सांगू. तिला लागतं, आणि ती सांगणार नाही.” बायकोसमोर नव्हे, पाहुण्यांसमोर तर नव्हेच. काकांना किस्सा सांगायचाच असतो, तेव्हा त्यांना दुसरा द्यावा: “तुमचा तो होडी उलटल्याचा सांगा ना!” ज्येष्ठांच्या बाबतीत नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा हे फार लवकर लागू पडतं. नवरा बोलायला तयार नसेल तर मात्र तिला आधी नवऱ्याशीच बोलावं लागेल. काकांचा क्रमांक त्यानंतरचा.

मुलांच्या बाबतीत मोठ्यांनी एक चूक कायम केलेली असते. “लक्ष देऊ नको, आपोआप थांबतील” असं सांगून आपण मोकळे होतो. एकट्यादुकट्याने एकदा चिडवलं तर हे ठीक आहे. पण वर्गातली टोळी रोज चिडवत असेल तर दुर्लक्षाने ती थांबत नाही, तिला प्रेक्षक मिळतच असतात. तिथे मुलाला वाक्य शिकवण्याबरोबर मोठ्या माणसाने मध्ये पडणं भाग आहे.

कायद्याचा दरवाजाही इथेच लागतो. अलिबागच्या याचिकेतून असा समज होऊ शकतो की थट्टेविरुद्ध कायदा काहीच करत नाही. तसं नाही. तो समूहावरच्या विनोदाला हात घालायला कचरतो, पण एका माणसाला गाठून केलेल्या छळाकडे पाहतो. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात विद्यार्थ्याला चिडवणं आणि त्याच्या खोड्या काढणं हेही व्याख्येतच घातलेलं आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कामाच्या ठिकाणी स्त्रीवर नकोसे लैंगिक शेरे मारणं 2013 च्या कायद्याखाली येतं, आणि ‘विनोद होता’ म्हटल्याने ते बाहेर जात नाही. दलित किंवा आदिवासी व्यक्तीचा जातीवरून लोकांसमोर अपमान केला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अपंग व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने चारचौघांत अपमानित करणं 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे.

तक्रार करायची वेळ आलीच तर तिची तयारी आधीपासून हवी. काय बोललं गेलं ते त्याच शब्दांत, तारीख, जागा, कोण हजर होतं आणि आपण ‘नको’ असं कधी सांगितलं, एवढं वहीत टिपून ठेवावं. मेसेज पुसून टाकू नयेत. यातली ‘नको’ची नोंद सगळ्यात वजनदार ठरते, कारण ‘तिला चालत नाही हे आम्हाला माहीतच नव्हतं’ हा बचाव त्यानंतर टिकत नाही.

उलट बाजूही आहे. उद्या तुमच्याकडे कुणी येऊन म्हणेल, “ते वाक्य मला नको.” तेव्हा हेतू समजावून सांगायची जबरदस्त इच्छा होईल. ती आवरा. “बरं, नाही म्हणणार” एवढं म्हणा आणि चहा मागवा. पुढच्या वेळी सगळ्यांसमोर “याच्याबद्दल बोलायचं नाही हां, याला राग येतो” असं म्हणून तीच थट्टा मागच्या दाराने आणू नका. अशा डोळे मिचकावण्याने पहिल्या वाक्यापेक्षा जास्त लागतं. आणि मंडळींतलं दुसरं कुणी ते वाक्य म्हणालं, तर हसू नका.